शास्त्रज्ञांचे डोळे कोणी काढले?

दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या आसपास, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने, समाजमाध्यमांवर भारतीय शास्त्रज्ञांच्या जुन्या छायाचित्रांना पूर येतो. अलीकडच्या काही वर्षांत या पुराचा रंग बदलला आहे. पूर्वी जी छायाचित्रे पुसट, डागाळलेली, कडा झिजलेली दिसत, ती आता लख्ख होऊन येतात. पापण्यांचे केस मोजता येतात, कोटाच्या कापडाची वीण दिसते, बुबुळात खिडकीचे प्रतिबिंब चमकते. खाली ओळ असते : ‘दुर्मीळ छायाचित्र, प्रथमच उच्च दर्जात.’ हजारो लोक ते पुढे पाठवतात. पापणीचा तो केस आला कोठून, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

तो केस छायाचित्रातून आलेला नसतो. तो त्या माणसाचाही नसतो. तो एका मॉडेलने काढलेला असतो, आणि ज्या विज्ञानाच्या नावाने हा दिवस साजरा होतो त्याच्याशी या कृतीचा उघड विरोध आहे. विज्ञान दिन रामन परिणामाच्या घोषणेची आठवण म्हणून पाळला जातो. १९२८ साली रामन आणि कृष्णन यांनी वर्णपटलेखकाच्या साहाय्याने छायाचित्रकाचेवर जे टिपले, त्यात सारा प्रश्न एवढाच होता की मूळ प्रकाशात नसलेली एक अतिशय फिकट रेषा तेथे आहे की नाही. त्या काचेवरची एखादी रेषा ‘सुंदर दिसावी’ म्हणून कोणी ठळक केली असती, किंवा नसलेली उमटवली असती, तर त्याला कोणत्या नावाने ओळखले गेले असते हे विज्ञानाच्या विद्यार्थ्याला सांगावे लागू नये. शास्त्रज्ञाच्या काचेला जो नियम लागू, तोच त्याच्या चेहऱ्याला का लागू नसावा?

एक ठोस उदाहरण घेणे बरे. जगदीशचंद्र बोस आणि त्यांच्याभोवतीची कलकत्त्याची तरुण पिढी यांचे एक प्रसिद्ध समूहछायाचित्र आहे. पुढे तिघे बसलेले : मेघनाद साहा, मध्ये जगदीशचंद्र, आणि ज्ञानचंद्र घोष. मागे सहा जण उभे, त्यांत सत्येंद्रनाथ बोस आणि देबेंद्रमोहन बोस. भारतीय भौतिकशास्त्राच्या आणि रसायनशास्त्राच्या एका संपूर्ण युगाचे हे एका चौकटीतले चित्र असल्याने ते सर्वत्र फिरते, आणि बहुतेक वेळा फिरते ती त्याची एखादी छोटी प्रत. अशी एक प्रत ४०० पिक्सेल रुंद आहे असे धरू.

आता साधा हिशेब करावा. सहा माणसे ओळीने उभी आहेत, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला साठ-पासष्ट पिक्सेल रुंदी येते. त्यात खांदे आले, दोन माणसांमधले अंतर आले. चेहऱ्यासाठी उरतात फार तर २५ पिक्सेल. माणसाच्या चेहऱ्याची रुंदी सुमारे १५ सेंटिमीटर असते. म्हणजे एक पिक्सेल चेहऱ्याचा ६ मिलिमीटर भाग दाखवतो. उघड्या डोळ्याची रुंदी सुमारे ३० मिलिमीटर आणि उंची १० मिलिमीटर. तेव्हा या प्रतीत एक संपूर्ण डोळा पाच पिक्सेल रुंद आणि जेमतेम दोन पिक्सेल उंच आहे. बुबुळ दोन पिक्सेलांत आटोपते. चष्म्याची धातूची बारीक कडा पिक्सेलच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीही भरत नाही. ती असलीच तर शेजारच्या गालाच्या छटेत किंचित काळसर मिसळून गेलेली असते. पापणीच्या केसाचा प्रश्नच उद्भवत नाही.

ही प्रत चारपट मोठी करणाऱ्या मॉडेलला दिली की तोच डोळा सुमारे २० पिक्सेल रुंद आणि ७-८ पिक्सेल उंच होऊन बाहेर पडतो. आत गेले होते दहाच्या आसपास आकडे, बाहेर आले दीडशेच्या आसपास. उरलेले आकडे कोठून आले, याचे उत्तर मॉडेलच्या रचनेत नव्हे, साध्या अंकगणितात आहे. लहान चित्रातला एक पिक्सेल म्हणजे मोठ्या चित्रातल्या चार गुणिले चार, म्हणजे सोळा पिक्सेलांची सरासरी असे मानू. समजा ती सरासरी १२० आहे. सोळाही पिक्सेल १२० असतील तर सरासरी १२०. आठ पिक्सेल १०० आणि आठ १४० असतील तरी १२०. ते उभ्या पट्ट्यांत मांडले तर कापडाची उभी वीण दिसेल, आडव्या पट्ट्यांत मांडले तर आडवी, विखरून ठेवले तर त्वचेची रंध्रे. तिन्ही चित्रे लहान प्रतीशी तंतोतंत जुळतात. मूळ प्रतीने एक अट घातली, सोळा अज्ञातांपैकी पंधरा मोकळे राहिले. ते पंधरा भरण्याचे काम मॉडेल करते, आणि भरताना विचारते ते एवढेच की प्रशिक्षणात पाहिलेल्या चित्रांमध्ये अशा ठिकाणी सहसा काय असे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो शिकलेल्या लोकांमध्येही आढळतो. मॉडेल ‘दडलेला तपशील शोधून काढते’ असे म्हटले जाते. काही अंशी ते खरेही आहे : लांब सरळ कडा, ज्ञात आकाराची मोठी अक्षरे, एकसारखी पुनरावृत्ती असलेल्या जाळ्या यांच्याबाबत शेजारचे पिक्सेल एकमेकांना साक्ष देतात, आणि मॉडेलचा अंदाज साध्या गणिती वाढीपेक्षा खरोखर बरा ठरतो. पण ज्या तपशिलाचा आकार एका पिक्सेलपेक्षा लहान आणि ज्याच्याबद्दल शेजाऱ्यांना काही माहीत नाही, तो तपशील दडलेला नसतो; तो नाहीसा झालेला असतो. नाहीशा झालेल्याचा शोध लागत नाही, त्याच्या जागी दुसरे काही ठेवता येते.

मॉडेल ते दुसरे काही इतक्या आत्मविश्वासाने का ठेवते, यालाही कारण आहे. एखाद्या जाळ्याला केवळ ‘सरासरी चूक कमीत कमी कर’ असे शिकवले, तर ते सर्व शक्य उत्तरांची सरासरी काढते, आणि सरासरी धूसर असते. लोकांना धूसर आवडत नाही. म्हणून २०१७ च्या सुमारास पुढे आलेल्या एसआरगॅन या पद्धतीपासून मॉडेलवर दुसरे एक जाळे परीक्षक म्हणून बसवले जाऊ लागले. त्याचे काम एवढेच की समोरचे चित्र खऱ्या छायाचित्रासारखे वाटते की नाही ते सांगणे. परीक्षकाला फसवायचे तर सरासरी चालत नाही, अनेक शक्यतांपैकी एक निवडून ती ठासून मांडावी लागते. ब्लाऊ आणि मिखाएली यांनी २०१८ मध्ये गणिताने दाखवून दिले की या दोन उद्दिष्टांत अटळ ओढाताण आहे : एका मर्यादेपलीकडे चित्र जितके खरे ‘भासवावे’, तितके ते मूळापासून दूर जाते. ज्या धूसरपणाला लोक दोष देतात तो वस्तुतः प्रामाणिक होता. ‘मला येथे ठाऊक नाही’ हे सांगण्याची चित्राची तीच रीत होती.

चेहऱ्यांच्या बाबतीत गोष्ट आणखी पुढे जाते. रिअल-ईएसआरगॅनसारख्या सर्वसाधारण मॉडेलला जोडून जीएफपीगॅनसारखे चेहऱ्याचे खास मॉडेल चालवण्याची सोय असते, आणि बहुतेक तयार सेवा तसेच काही करतात. ते चित्रातले चेहरे हुडकते, प्रत्येक चेहऱ्याभोवतीचा चौकोन कापून सरळ करते, तो ५१२ गुणिले ५१२ पिक्सेलांचा करते, त्यावर नवा चेहरा घडवते आणि परत जागच्या जागी चिकटवते. आपल्या समूहछायाचित्रात तो चौकोन फार तर ४०-४५ पिक्सेल रुंद असेल. लांबीत सुमारे बारापट, म्हणजे क्षेत्रफळात जवळजवळ दीडशेपट. दीडशे पिक्सेलांमागे एक पिक्सेल सत्येंद्रनाथांचा, बाकीचे एफएफएचक्यू नावाच्या संग्रहाचे. या संग्रहात फ्लिकर या संकेतस्थळावरून घेतलेले सत्तर हजार चेहरे आहेत : आजच्या डिजिटल कॅमेऱ्याने, आजच्या प्रकाशात, आजच्या लोकांनी एकमेकांचे काढलेले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कलकत्त्यात काचेवर काढलेल्या छायाचित्राला हे सत्तर हजार लोक उत्तर देतात. बुबुळात जो गोल चमकता ठिपका येतो तो त्यांच्याकडचा. त्वचेचा तो गुळगुळीत तजेलाही त्यांच्याकडचाच.

हे सारे तर्काने मान्य करूनही अनेकजण म्हणतात की मॉडेलचे चित्र परत लहान करून पाहावे. ते मूळ प्रतीशी जुळले तर ते बरोबर. ही तपासणी आवश्यक आहे, आणि ती करणे अगदी सोपे आहे. रिअल-ईएसआरगॅनचा संगणकावर थेट चालणारा प्रोग्राम आणि इमेजमॅजिक एवढ्यावर ती होते :

```
realesrgan-ncnn-vulkan -i juna.png -o motha.png -n realesrgan-x4plus
magick motha.png -filter Box -resize 25% parat.png
magick compare -metric RMSE juna.png parat.png farak.png
```

पहिली ओळ चित्र चारपट मोठे करते, दुसरी सोळा-सोळा पिक्सेलांची सरासरी घेऊन ते परत मूळ आकाराला आणते, तिसरी दोन्हींतला फरक मोजते. कंसात येणारी संख्या शून्य ते एक या दरम्यान असते. तिला २५५ ने गुणले की सरासरी किती छटांचा फरक पडला ते कळते. मात्र त्या एका संख्येवर विसंबू नये. फरकाचे चित्र उघडून पाहावे. फरक सर्वत्र सारखा विखुरलेला असेल तर मॉडेलने बहुधा दाणेदारपणा आणि जेपेगचे चौकोन पुसले आहेत. तो डोळे, ओठ, मिशी, केसांची रेषा यांच्याभोवती गोळा झालेला असेल तर मॉडेलने मूळ पुराव्यालाच छेद दिला आहे, आणि पुढे काही पाहण्याची गरज नाही. (जाता जाता एक सूचना : `-n` हा पर्याय दिलाच पाहिजे. तो नसेल तर हा प्रोग्राम आपणहून अॅनिमेशनच्या चलच्चित्रांसाठी बनवलेले `realesr-animevideov3` हे मॉडेल वापरतो. आजोबांच्या चेहऱ्यावर रंगपेटीतल्यासारखे सपाट डाग दिसू लागले की त्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.)

पण ही परीक्षा नापास झालेल्याला बाद करते; उत्तीर्ण झालेल्याला खरे ठरवत नाही. याचा जगजाहीर दाखला २०२० सालचा आहे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी पल्स नावाची पद्धत प्रसिद्ध केली. तिची रचनाच अशी की लहान केल्यावर दिलेल्या चित्राशी जुळेल असा मोठा चेहरा ती शोधून काढते. सोळा गुणिले सोळा पिक्सेलांतून १०२४ गुणिले १०२४ पिक्सेलांचा चेहरा. लोकांनी तिला बराक ओबामांचे लहान केलेले, ओळखता येण्याजोगे छायाचित्र दिले, आणि तिने एका गोऱ्या माणसाचा स्वच्छ, रेखीव चेहरा परत दिला. तो चेहरा लहान केला तर ओबामांच्या चौकोनांशी जुळतच होता. परत लहान करण्याची परीक्षा तेथे पद्धतीतच अंतर्भूत होती, आणि तरी माणूस दुसराच निघाला. त्या संशोधकांच्या बाजूने एवढे म्हटले पाहिजे की या पद्धतीने कोणाची ओळख पटवता येत नाही, हे त्यांनी स्वतः स्पष्ट केले होते. विज्ञान दिनाची भित्तिपत्रके करणाऱ्यांकडून तेवढीही कबुली मिळत नाही.

ओबामांचा चेहरा साऱ्या जगाला ठाऊक होता म्हणून चूक पकडली गेली. समूहछायाचित्रात मागे उभ्या असलेल्या नागांचा, दत्तांचा किंवा सेनांचा चेहरा आज किती जणांना ठाऊक आहे? तेथे चूक पकडणार कोण? ज्यांची छायाचित्रे मोजकीच आहेत त्यांच्याबाबत नुकसान अधिक, आणि भारतीय विज्ञानाच्या इतिहासात अशी माणसे थोडी नाहीत. देबेंद्रमोहन बोस यांच्याबरोबर छायाचित्रकाचांवर विश्वकिरणांचे माग अभ्यासणाऱ्या बिभा चौधुरी यांचे उदाहरण पुरेसे आहे. ज्या बाईंनी काचेवरच्या चंदेरी कणांचे माग मोजून कणांचे वस्तुमान काढले, त्यांचे चित्र ‘दाणेदार दिसते’ म्हणून दाणे पुसून टाकावेत यात जो उपरोध आहे तो न कळण्याजोगा नाही.

तेव्हा पहिल्या तपासणीला आणखी दोन जोडाव्या लागतात. एक म्हणजे मॉडेलला थोडे डिवचून पाहणे. चित्र आरशातल्यासारखे उलटे करावे, मोठे करावे, आणि निकाल पुन्हा सुलटा करावा. मूळ चित्रात दोन-तीन छटांएवढा यादृच्छिक गोंधळ मिसळून पुन्हा चालवावे. चित्र मूळ आकाराच्या पंचाण्णव टक्क्यांवर आणून चालवावे. शिवाय त्याच प्रोग्राममधले `realesrnet-x4plus` हे मॉडेल वापरावे. ते परीक्षक जाळ्याशिवाय शिकवलेले असल्याने धूसर पण कमी कल्पक असते. मग सर्व निकाल एका आकाराचे करून एकावर एक ठेवावेत. जे सर्वांमध्ये स्थिर राहते ते निदान मूळ प्रतीवर आधारलेले असू शकते. एका निकालात डोळ्यावर पापणीची दुहेरी घडी आणि दुसऱ्यात नाही, एकात चष्म्याची कडा अखंड आणि दुसऱ्यात भुवईत विरलेली, असे दिसले की ते तपशील मॉडेलचे आहेत हे सिद्ध झाले. चित्र एक-दोन अखंड पिक्सेल सरकवून पाहण्याचा सल्ला काहीजण देतात, पण त्याचा उपयोग फारसा नाही : अशी जाळी प्रत्येक जागी तेच गणित करतात, म्हणून अखंड पिक्सेलांच्या सरकण्याने कडा सोडल्या तर निकाल जवळजवळ तसाच राहतो, आणि मनात खोटा विश्वास तेवढा बसतो.

मात्र स्थिरतेलाही मर्यादा आहे. सर्व मॉडेले सारख्याच चित्रसंग्रहांवर वाढलेली असतील तर ती सर्व एकमुखाने तीच चूक करतील. म्हणून तिसरी तपासणी सर्वांत निर्णायक, आणि सर्वांत क्वचित केली जाणारी : ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असा प्रश्न विचारणे. त्याच काळातले, तशाच काचेवरचे, चांगले स्कॅन केलेले दुसरे एखादे समूहछायाचित्र घ्यावे. समजा ते ४००० पिक्सेल रुंद आहे. ते ४०० पिक्सेलांवर आणावे, मूळ प्रतीवर जेवढी जेपेगची झीज झालेली दिसते तेवढी त्यावरही करावी, आणि मग तेच मॉडेल चालवावे. निघालेले १६०० पिक्सेलांचे चित्र खऱ्या चित्राशेजारी ठेवावे. किती जणांना मॉडेलने चष्मा दिला, किती जणांचा काढला, कोणाच्या सुरकुत्या पुसल्या, कोणाचे मिटलेले तोंड हसरे केले, ते मोजावे. हे दहा चेहऱ्यांवर केले तरी जे दिसते ते कोणत्याही जाहिरातीपेक्षा बोलके असते.

भौतिकशास्त्रात अपुऱ्या मोजमापांतून चित्र उभे करण्याची कला नवी नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेले एम८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराचे चित्र अशाच अपुऱ्या मोजमापांतून घडले. तेथेही असंख्य चित्रे मोजमापांशी जुळत होती. पण तेथे चार गट एकमेकांशी न बोलता स्वतंत्रपणे चित्रे बनवत होते, आणि पद्धती आधी बनावट आकाशावर, म्हणजे ज्याचे उत्तर ठाऊक आहे अशा चित्रांवर, पारखून घेतल्या होत्या. शेवटी प्रसिद्ध झाले ते एक धूसर कडे. जगभर त्याची ‘हे तर अस्पष्ट आहे’ म्हणून थट्टा झाली. तरी मोजमापांत नसलेली झळाळी त्या कड्याला कोणी चढवली नाही.

जुन्या छायाचित्रांत आणखी एक सापळा आहे, आणि तो चेहऱ्यात नसून कागदात आहे. फिरणाऱ्या पुष्कळ प्रती मूळ छायाचित्राच्या नसून वर्तमानपत्रातल्या किंवा पुस्तकातल्या छपाईच्या असतात. छपाईत छटा नसतात, लहानमोठे ठिपके असतात. वर्तमानपत्राच्या जाळीत इंचाला साधारण ६५ ते ८५ ओळी. असे पान ३०० डीपीआयवर स्कॅन केले तर दर चार पिक्सेलांमागे एक ठिपका येतो. रिअल-ईएसआरगॅनला शिकवताना चित्रे मुद्दाम बिघडवली गेली होती : धूसर केली, लहान केली, गोंधळ मिसळला, जेपेगमध्ये दाबली, आणि हे दोनदा केले. छपाईची जाळी मात्र त्या बिघाडांत नव्हती. त्यामुळे ती जाळी दोष आहे हे मॉडेलला कळत नाही. ते तिला वस्तूचा पोत समजते. काळा कोट जाडाभरड्या विणीचा होतो, गालावर देवीचे व्रण येतात, भिंतीवर नक्षी उमटते. ओळखण्याची खूण सोपी आहे : तो पोत कपड्यावर, त्वचेवर आणि भिंतीवर एकाच कोनात आणि एकाच अंतराने धावतो. खरे कापड बाहीपाशी वळते, जाळी वळत नाही. यावर उपाय मॉडेलच्या आधीचा आहे. पान १२०० डीपीआयवर स्कॅन करावे, चित्राचे फूरिए रूपांतर करावे, त्यात जाळीचे जे टोकदार, नियमित ठिपके दिसतात ते दाबावेत, आणि मग परत यावे. शंभर वर्षांपूर्वीच्या गालावरचे ‘व्रण’ त्या एका पायरीत नाहीसे होतात.

आता समर्थनाचे दोन मुद्दे. जुन्या स्टुडिओत रंगारी ब्रशने सुरकुत्या झाकत, काचेवर पेन्सिल फिरवत. मग मॉडेलवरच राग का, असे विचारले जाते. फरक असा की रंगाऱ्यासमोर मूळ काच होती आणि बहुधा माणूसही होता. त्याने झाकले ते त्याने पाहिलेले होते. मॉडेलने दाखवले ते कोणीच पाहिलेले नाही. शिवाय रंगाऱ्याच्या एका प्रतीने मूळ काच जगातून हद्दपार होत नसे. आज संपादक दोन प्रतींपैकी मोठी आणि लख्ख प्रत उचलतो, पुढचा तिच्यावरून घेतो, आणि काही वर्षांत शोधणाऱ्याच्या हाती मॉडेलचीच प्रत लागते. उद्याचे मॉडेल तिच्यावरच शिकेल, ही भीती आता काल्पनिक राहिलेली नाही.

दुसरा मुद्दा : तरुण वाचक धूसर चित्राकडे पाहत नाही. हा मुद्दा विज्ञान सांगणाऱ्यांनी मांडावा हे अधिक खेदजनक. ज्या वाचकाला प्रतिमेतली अनिश्चितता समजावून सांगता येत नाही, त्याला मोजमापातली अनिश्चितता कशी समजावणार? चित्राशेजारी ‘हा डोळा मूळ प्रतीत दहा पिक्सेलांचा आहे’ एवढे एक वाक्य आणि तो दहा पिक्सेलांचा डोळा छापला, तर त्यातून विद्यार्थी जितके शिकेल तितके त्या चकचकीत चेहऱ्यातून कधीच शिकणार नाही.

मॉडेलवर बंदीची मागणी येथे नाही. फाटलेल्या पार्श्वभूमीसाठी, इमारतीच्या कडांसाठी, छपाईला पुरेसा आकार हवा म्हणून ते वापरावे. चेहऱ्याचा भाग मात्र त्यातून वगळून, लँक्झोससारख्या साध्या गणिती वाढीने मोठा केलेला तसाच धूसर ठेवावा. चेहरे घडवणारे मॉडेल खऱ्या, नावानिशी ओळखल्या जाणाऱ्या माणसाच्या छायाचित्रावर चालवू नये. चालवलेच तर चित्राच्या खाली, चित्राएवढ्याच ठळकपणे, मॉडेलचे नाव, आवृत्ती आणि किती पट वाढ ते लिहावे, आणि मूळ लहान प्रत शेजारी द्यावी. ‘पुनरुज्जीवित’ हा शब्द वापरू नये. त्यापेक्षा ‘मॉडेलने काढलेले’ हे बरोबर.

आणि या सगळ्याच्या आधी एक काम, जे कोणतेही मॉडेल करत नाही. बहुतेक वेळा ४०० पिक्सेलांच्या प्रतीवर एवढी कारागिरी चालते तेव्हा मूळ छायाचित्राचा मोठा ठसा एखाद्या संस्थेच्या अभिलेखागारात, विद्यापीठाच्या कपाटात किंवा कुटुंबाच्या पेटीत पडलेला असू शकतो. हाताएवढा ठसा १२०० डीपीआयवर, सोळा बिटांच्या छटांमध्ये स्कॅन केला तर पाच इंच रुंदीत सहा हजार पिक्सेल मिळतात. त्यात सहा जणांच्या रांगेतला प्रत्येक चेहरा साडेतीनशे पिक्सेलांच्या आसपास भरतो, आणि त्यातला डोळा सत्तर पिक्सेलांचा. ठसा स्वतः किती स्पष्ट आहे यावर त्यातले खरे किती हे ठरेल. पण जे येईल ते त्या माणसाकडून आलेले असेल. पुढच्या २८ फेब्रुवारीपर्यंत एखाद्या विद्यार्थ्याने अशा एका संस्थेला पत्र लिहून एका छायाचित्राचे असे स्कॅन मागावे. तोवर सत्येंद्रनाथांचा दहा पिक्सेलांचा डोळा दहा पिक्सेलांचाच छापावा.